ओटीजीत नानकटाई खालून करपते, वरून पांढरीच राहते: रॉड, जाळी आणि वेळ कशी ठेवायची?

मृण्मयी_डोंबिवली | शनिवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात १९ लिटरचा ओटीजी घेतला. आतापर्यंत तीनदा नानकटाई केली आणि तिन्ही वेळा एकच प्रकार झाला. तळ काळपट तपकिरी, खाताना कडवट, आणि वरची बाजू मात्र कच्च्या पिठासारखी पांढरी.

माझं प्रमाण असं: मैदा १२५ ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, बारीक रवा १५ ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, चिमूटभर सोडा, वेलदोडा. एवढ्यात साधारण चौदा नानकटाया होतात. चव आणि खुसखुशीतपणा चांगला आहे, म्हणून प्रमाणात चूक नसावी असं वाटतं.

ओटीजीला रॉडसाठी एक बटण आहे: फक्त वरचे, फक्त खालचे, दोन्ही. जाळी लावायला तीन खाचा आहेत. मी फक्त खालचे रॉड लावते, १८० वर दहा मिनिटं तापवते आणि ओटीजीसोबत आलेला काळा ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवते. कृतीत २० मिनिटं लिहिली आहेत, पण तेव्हा हात लावला तर मऊ लागते, म्हणून २५ मिनिटं ठेवते. भाऊबीजेला भावाकडे डबा न्यायचा आहे. नक्की काय बदलू?

स्मिता_एनजे | शनिवार, रात्री ९:५०

मृण्मयी, रॉड तू बरोबरच लावले आहेस. बेकिंग म्हणजे खालची आच, वरची आच फक्त वरून लाल करायला. मी गेली अकरा वर्षं इथे न्यू जर्सीत कुकीज करते आहे. ३५० फॅरनहाइट, म्हणजे तुमचे १७७, मधली जाळी, बारा मिनिटं. वरचा रॉड कधीच लावत नाही आणि तळ कधी जळला नाही. तू जाळी मध्ये घे, बाकी सगळं तसंच ठेव.

प्रमोद_नाशिक | शनिवार, रात्री १०:०५

ताई, कन्व्हेक्शन मोडवर ठेवा, बुटका स्टँड वापरा आणि काचेची फिरती थाळी काढू नका. आमच्याकडे १६० वर पंधरा मिनिटांत छान होतात. आणि मायक्रोवेव्हचं बटण चुकूनही दाबू नका, रबर होतं.

मृण्मयी_डोंबिवली | शनिवार, रात्री १०:१२

प्रमोददादा, माझा मायक्रोवेव्ह नाही, साधा ओटीजी आहे. त्यात फिरती थाळी नाही आणि पंखाही नाही.

प्रमोद_नाशिक | शनिवार, रात्री १०:१४

अच्छा, मी घाईत वाचलं. मग जाणकारांना सांगू द्या.

जुनी_भट्टी | रविवार, सकाळी ७:३०

मृण्मयीताई, आमच्या वडिलांची बेकरी होती, विटांची लाकडावरची भट्टी. दिवाळीच्या आधी आठ दिवस बायका घरून मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या. आम्ही नानकटाई भाजून त्यांच्याच पत्र्याच्या डब्यात भरून द्यायचो. म्हणून तुमच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

भट्टीत नानकटाई कधी जायची ते आधी सांगतो. पहाटे भट्टी कडक तापलेली असताना पाव लागायचे. पावांचे घाणे निघाले आणि भट्टी उतरायला लागली की बिस्किटं आणि नानकटाई आत जायची. टोस्ट त्याच्याही नंतर, नुसते वाळायला. म्हणजे नानकटाईच्या वेळी आत जाळ नसायचा, विटांनी धरून ठेवलेली ऊब असायची, ती चारी बाजूंनी सारखी यायची आणि हळूहळू कमी होत जायची. आम्ही त्याला उतरती आच म्हणायचो. नानकटाईत तूप आणि साखर भरपूर असते. जाळ जवळ आला की तळाची साखर आधी करपते आणि पोट कच्चं राहतं.

ओटीजीत विटा नाहीत. पातळ पत्रा आहे आणि तापून लाल होणारे रॉड आहेत. रॉड लाल असतात तेव्हा ते हवा तर तापवतातच, पण समोर जे असेल त्याला थेट भाजतात. तुमच्या मांडणीत खालचे रॉड ट्रेपासून फार तर दोन इंचांवर आहेत. ट्रे काळा आहे, आणि काळा पत्रा ती आच जास्त शोषून घेतो. शिवाय तो ट्रे भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतो. त्यामुळे खालची गरम हवा वर जायला वाटच नाही आणि ओटीजीच्या दोन खोल्या झाल्या आहेत, खालची भट्टीसारखी आणि वरची कोमट. थर्मोस्टॅट साधारणपणे बटणांच्या बाजूच्या भिंतीत असतो. त्याला वरची कोमट हवा लागत असेल तर तो रॉड बंदच करत नाही. तळ करपतो आणि माथा पांढरा राहतो तो यामुळे.

स्मिताताईंचं त्यांच्या ओव्हनपुरतं बरोबर आहे. तिकडचा ओव्हन आपल्या ओटीजीच्या कितीतरी पट मोठा असतो, खालचा रॉड ट्रेपासून बराच लांब असतो आणि पुष्कळ ओव्हनमध्ये तो तळाच्या पत्र्याखाली झाकलेला असतो. तिथे खालचा रॉड हवा तापवतो, ट्रेला थेट दिसत नाही. १९ लिटरमध्ये ते गणित लागू होत नाही. आपल्याकडे ‘बेकिंगला फक्त खालचा रॉड’ हे केकवरून आलं आहे. केक उंच असतो, फुगून वरच्या रॉडजवळ जातो, म्हणून वरची आच टाळतात. नानकटाई अर्ध्या-पाऊण इंचाची, तिला ती भीती नाही.

तेव्हा दोन्ही रॉड लावा, जाळी मधल्या खाचेत घ्या आणि काळ्या ट्रेऐवजी ॲल्युमिनियमचा साधा ट्रे घ्या. तो चारी बाजूंनी इंचभर तरी लहान हवा आणि जाळीवर ठेवायचा. स्टीलचं ताट नको. पातळ स्टीलची आच सगळीकडे सारखी पसरत नाही, रॉडच्या वरच्या भागात पट्टे उठतात.

एक विचारतो. ओटीजीवरचा लाल दिवा भाजताना मध्येच विझतो का?

मृण्मयी_डोंबिवली | रविवार, सकाळी ११:४०

काका, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. आत्ता मुद्दाम बसून बघितलं. दिवा टायमर संपेपर्यंत चालूच राहतो. पण रॉड लाल होतात, मग टक् असा आवाज येऊन काळे पडतात, पुन्हा थोड्या वेळाने लाल होतात.

जुनी_भट्टी | रविवार, दुपारी १२:१०

म्हणजे तुमचा दिवा टायमरचा आहे. काही ओटीजींत दिवा रॉडबरोबर लागतो-विझतो, तुमच्यात नाही. तुम्ही काचेतून रॉडच बघा आणि तो टक् आवाज ऐका.

दहा मिनिटं तापवलं म्हणजे ओव्हन तयार झाला असं समजू नका. पहिल्यांदा रॉड बंद होतात तेव्हा हवा ठरवल्यापेक्षा वर गेलेली असते आणि भिंती अजून पुऱ्या तापलेल्या नसतात. रॉड दुसऱ्यांदा लागून दुसऱ्यांदा बंद होईपर्यंत थांबा.

पुढची गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही. दार उघडलं की गरम हवा बाहेर पडते, थर्मोस्टॅटला ते कळतं आणि तुम्ही ट्रे ठेवून दार लावताच रॉड लाल होतात. म्हणजे कच्ची नानकटाई आत गेल्यावर पहिली तीन-चार मिनिटं तिला थेट जाळच लागतो. तूप वितळून ती पसरते आणि तळाला रंग तेव्हाच चढायला लागतो. म्हणून भाजायचं आहे त्यापेक्षा पंचवीस-तीस अंश जास्त तापवा, रॉड बंद असताना पटकन ट्रे ठेवा, दार लावा आणि लगेच बटण खाली आणा. रॉड थोडा वेळ लागणारच नाहीत. उतरती आच तुमच्या ओटीजीत अशी मिळते.

कऱ्हाडचा_अमोल | रविवार, दुपारी ३:२५

इथेच एक विचारून घेतो. आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. आईच्या ओटीजीत तीच कृती सकाळी नीट होते आणि संध्याकाळी पसरते, वीस मिनिटांनीही कच्ची. ओटीजी खराब झालाय का?

जुनी_भट्टी | रविवार, संध्याकाळी ५:००

माझं शिक्षण बेकरीतलं, विजेचं कोणीतरी सांगा.

अनुजा_इलेक्ट्रिकल | रविवार, संध्याकाळी ६:१५

अमोल, ओटीजी ठीक असावा. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० वरून १९० म्हणजे व्होल्टेज सतरा-अठरा टक्क्यांनी कमी झालं, पण उष्णता सुमारे बत्तीस टक्क्यांनी कमी होते. १३०० वॅटचा ओटीजी तेव्हा ९०० वॅटच्या आसपास चालतो. थर्मोस्टॅट मात्र त्याच तापमानाला बंद होतो, फक्त तिथे पोचायला खूप वेळ लागतो. आई घड्याळ लावून दहा मिनिटं तापवत असतील तर संध्याकाळी ओव्हन तापलेलाच नसतो. रॉड बंद होण्याची वाट बघायची हे काकांचं म्हणणं त्यांनी पाळलं तर बराच फरक पडेल. छोटा घरगुती स्टॅबिलायझर याला लावू नका, तो एवढा भार घेत नाही.

मृण्मयी_डोंबिवली | गुरुवार, रात्री १०:३०

तीन दिवस प्रयोग केले, ते लिहिते.

ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा थर्मामीटर आणला. बटण १७० वर, दोन्ही रॉड, आत काहीच नाही. पहिल्यांदा रॉड बंद झाले तेव्हा २१० दाखवत होता! मग १६८ पर्यंत उतरला, रॉड लागले आणि १९५ ला बंद झाले. पुढे १६८ ते १९५ हाच झोका चालू राहिला. म्हणजे बटण १७० म्हणतंय, पण सरासरी १८० च्या वर आहे. बटण १५० वर ठेवलं तर १४८ ते १७५ मध्ये फिरतो. मी इतके दिवस १८० वर ठेवत होते, तेव्हा आत खरं किती असेल या विचारानेच कसंतरी झालं.

मग ब्रेडच्या स्लाइस जाळीवर मांडून बघितल्या, मधल्या खाचेत, सहा मिनिटं. मागच्या उजव्या कोपऱ्यातली सगळ्यात लाल, दाराजवळच्या दोन फिक्या.

आज नानकटाई केली, तेच प्रमाण. गोळे बावीस-तेवीस ग्रॅमचे, वळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले. ॲल्युमिनियमच्या ट्रेत बटर पेपर घालून बारा मांडल्या, उरलेल्या दोन मागे ठेवल्या. बटण १८० वर, दोन्ही रॉड, दुसऱ्यांदा बंद होईपर्यंत चौदा मिनिटं गेली. ट्रे मधल्या जाळीवर ठेवला आणि बटण १५० वर आणलं. रॉड पाच मिनिटं लागलेच नाहीत. अकराव्या मिनिटाला ट्रे पुढचा मागे केला. सतराव्या मिनिटाला कडेला सोनेरी रेघ दिसली, एक उलथन्याने उचलून बघितली तर तळ बिस्किटी रंगाचा होता. अठराव्याला काढल्या.

तळ सुंदर आला. पण वरून अजूनही फिक्याच आहेत, पांढऱ्या नाहीत, साय असते तशा. आणि काढताना इतक्या मऊ होत्या की एक बोटांनी दबली. अजून ठेवायच्या होत्या का?

जुनी_भट्टी | शुक्रवार, सकाळी ७:१०

नाही, अजिबात नाही. अठराव्या मिनिटाला काढल्यात तेच योग्य. गरम नानकटाईतलं तूप पातळ असतं, ती ओव्हनमध्ये कधीच कडक लागणार नाही. कडक लागेपर्यंत ठेवली म्हणजे ती जळलीच. आधीची तुमची पाच मिनिटं तिथेच जास्त गेली. बाहेर काढून ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्यायची, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. डबा कोमट असताना लावलात तर वाफेने मऊ पडतील.

नानकटाई तळाचा रंग बघून काढतात, वरचा नाही. वरून सायीसारखी, भेगा पडलेली आणि तळ बिस्किटी, ही उत्तम खूण. भेगा कोरड्या दिसल्या पाहिजेत. भेगेच्या आत ओलसर, तुपकट चमक दिसली तर दोन मिनिटं अजून हवीत.

स्मिता_एनजे | शुक्रवार, सकाळी ८:०५

काका, माझ्या ओव्हनबद्दलचं पटलं. आज टॉर्च घेऊन बघितलं, खरंच खालचा रॉड दिसतच नाही, वर पत्रा आहे. पण वरचा रंग नको हे नानकटाईपुरतं. ओट्सच्या किंवा चॉकलेट चिपच्या कुकीज वरून फिक्या राहिल्या तर खायला मजा येत नाही. त्यासाठी मृण्मयीने शेवटी वरचा रॉड लावायला हरकत नाही ना?

जुनी_भट्टी | शुक्रवार, सकाळी ८:४०

हरकत नाही. शेवटची दोन मिनिटं फक्त वरचे रॉड, आणि ती दोन मिनिटं काचेसमोरून हलायचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बटण नुसतं ‘वरचे’ वर फिरवलं आणि त्या वेळी थर्मोस्टॅट बंद असला तर रॉड लागणारच नाहीत. तापमानाचं बटण वर न्यावं लागतं, रॉड लाल झालेले दिसले की तिथून वेळ मोजायचा. पुष्कळ जण ‘वरचा रॉड लावून काही उपयोग झाला नाही’ म्हणतात, त्यांचे रॉड लागलेलेच नसतात.

रेवती_मडगाव | शुक्रवार, दुपारी १:२०

मी थोडं वेगळं सांगते. माझा ४० लिटरचा, पंख्यासकट. नाताळात एका वेळी दोन ट्रे लावते, वरच्या आणि खालच्या खाचेत. पंखा चालू, तापमान पंधरा अंश कमी, आणि अर्ध्या वेळेला ट्रेंची अदलाबदल. नारळाची बिस्किटं दोन्ही ट्रेंत सारखी होतात. मृण्मयी, तुला भावासाठी जास्त करायच्या असतील तर दोन ट्रे लाव, वीज आणि वेळ दोन्ही वाचतं.

जुनी_भट्टी | शुक्रवार, दुपारी २:००

रेवतीताई, तुमच्याकडे पंखा आणि जागा दोन्ही आहे. १९ लिटरमध्ये पंख्याशिवाय दोन ट्रे म्हणजे खालच्याला फक्त खालचा रॉड आणि वरच्याला फक्त वरचा. मी तरी लावणार नाही.

रेवती_मडगाव | शुक्रवार, दुपारी २:२०

अदलाबदल केली तर काय होईल? आधी माझा लहान ओटीजी होता, तेव्हाही दोन ट्रे लावायचे. सारख्या रंगाच्या होत नव्हत्या हे खरं, पण करपतही नव्हत्या.

जुनी_भट्टी | शुक्रवार, दुपारी २:४५

अदलाबदलीला दार पुरतं उघडावं लागतं, दोन्ही ट्रे बाहेर काढावे लागतात, आणि मग रॉड पुन्हा लाल. तुमच्या हाताला सवय असेल, तुम्ही भरभर करत असाल. नवीन माणसाला मी एकामागे एक ट्रेच सांगेन. दुसरा ट्रे लावताना ओव्हन आतून पुरा तापलेला असतो, म्हणून दुसरा घाणा दीड-दोन मिनिटं लवकर होतो. तिथे पहिल्याची वेळ धरून बसू नका.

कऱ्हाडचा_अमोल | शनिवार, रात्री ८:५०

अनुजाताई, आज आईने रॉड बघून तापवलं. संध्याकाळी सातला व्होल्टेज १९२ होतं. रॉड दुसऱ्यांदा बंद व्हायला बावीस मिनिटं लागली, सकाळी बारा लागतात. नानकटाई पसरली नाही. भाजायला मात्र सकाळपेक्षा तीन मिनिटं जास्त लागली.

मृण्मयी_डोंबिवली | रविवार, रात्री ९:३०

आज दुप्पट प्रमाण केलं, एकामागे एक दोन ट्रे. पहिला साडेसतरा मिनिटांत झाला, दुसरा सोळाव्या मिनिटालाच. मधल्या वेळात दुसरा ट्रे फ्रिजमध्ये होता. फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यातली एक थोडी जास्त लाल झाली, ट्रे फिरवूनही. आता त्या कोपऱ्यात नानकटाई न ठेवताच ट्रे मांडते.

रेवतीताई, शनिवारी मोकळी आहे, तेव्हा बेसनाच्या चार-चार ठेवून तुमचं दोन ट्रेंचं करून बघते. थर्मामीटर वरच्या ट्रेवर ठेवू की खालच्या?

रेवती_मडगाव | रविवार, रात्री ९:४५

दोन्हीकडे ठेवून बघ, एकदा वर, एकदा खाली. आणि अदलाबदल केल्यावर रॉड किती वेळ लाल राहतात तेही मोज, मला काकांना आकडा दाखवायचा आहे.